बेरी : तुपाच्या तळाशी राहिलेली शिल्लक

लोणी कढवून तूप गाळले की भांड्याच्या तळाशी जो तांबूस, रवाळ चोथा उरतो, त्याला आपण मराठीत बेरी म्हणतो. गुजराती घरांत तेच कीटुं. मुलांना साखर घालून ती चमच्याने खायला देण्याची पद्धत जुनी आहे. परंतु आता मुले थोडी, डायबेटिसचे वाचक बरेच, आणि बेरी बहुधा भांड्याबरोबर घासून जाते. ही बेरी गोडात, पोळीत आणि भातात कशी वापरावी, याविषयी येथे लिहितो आहे. निवृत्तीनंतर आमच्या घरातील लोणी कढवण्याचे खाते माझ्याकडे वर्ग झाले, तेव्हापासून या विषयाची थोडी नोंद ठेवत आलो.

प्रथम बेरी म्हणजे काय, ते पाहू. लोण्यात तुपाखेरीज पाणी असते, आणि दुधातील थोडी प्रथिने व दुधातीलच साखर असते. लोणी तापले की पाणी उकळून उडून जाते. पाणी असेपर्यंत भांड्यातील उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर चढत नाही, म्हणून तोवर कण पांढरेच राहतात. पाणी संपले की उष्णता झपाट्याने वाढते, आणि दुधाची साखर व प्रथिने यांचा संयोग होऊन तांबूस रंग व तो खमंग वास निर्माण होतो. पोळीला पडणारे तांबूस डाग आणि खव्याचा भाजका रंग हे त्याच जातीचे. तुपाचा वास आपण जो वाखाणतो, त्याचा मोठा भाग या तळच्या कणांतूनच तुपात उतरलेला असतो.

आता हिशेबाकडे वळू. चार लिटर म्हशीचे दूध रोज घेणारे मोठे कुटुंब धरा. दोन दिवसांची साय सुमारे अर्धा किलो जमते. या सायीला विरजण लावून, घुसळून, निघालेले लोणी दोन पाण्यांनी धुऊन कढवले, तर आमच्या अनुभवाने सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास तूप आणि वीस-पंचवीस ग्रॅम बेरी मिळते. तीच साय विरजण न लावता सरळ कढईत आटवली, तर तूप दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर आणि बेरी सत्तर ग्रॅमपर्यंत येते. पुष्कळ गृहिणी दुसऱ्या पद्धतीत ‘तूप कमी उतरते’ अशी तक्रार करतात. ते तूप कोठे जात नाही; ते बेरीत असते. चमच्याने चांगली दाबून काढलेल्या बेरीतसुद्धा वजनाच्या निम्म्याच्या जवळपास तूपच असते. पहिल्या पद्धतीत दुधाचे घन अंश ताकाबरोबर निघून जातात, म्हणून बेरी थोडी. दुसरीत ते सर्व कढईत राहतात आणि तूप शोषून बसतात.

या एका गोष्टीवर पुढचे सगळे अवलंबून आहे. बेरी घालाल त्या पदार्थात तेवढ्या प्रमाणात तूप कमी घालायचे, हा नियम पाळला तर बेरीचे पदार्थ तुपकट होत नाहीत. आणि कोणती बेरी कोठे वापरायची, तेही ती कोणत्या पद्धतीने निघाली त्यावरून ठरते. सायीची बेरी गोडसर असते, ती मिठाईस योग्य. विरजलेल्या लोण्याची बेरी किंचित आंबट असते. तिची जागा पोळीत आणि भातात.

ताकातून वर आलेले लोणी मुहूर्तभराच्या, म्हणजे 48 मिनिटांच्या आत तापवायला घ्यायचे, ही आपल्या घरांची रीत बेरीच्या दृष्टीनेही हिताची ठरते. लोणी दिवसेंदिवस साठवले की त्याला उग्र वास येतो. तूप तापताना त्यातला काही भाग उडून जातो, पण बेरीत तो रेंगाळतो. शिळ्या लोण्याची बेरी कशातही घातली तरी लपत नाही.

कढवताना लक्ष द्यायचे ते आवाजाकडे. सुरुवातीस लोणी मोठ्याने तडतडते. ते पाणी जाण्याचे लक्षण. तडतड मंदावून बारीक सळसळ राहिली, वरचा फेस विरळ झाला आणि तूप पारदर्शक होऊन तळ दिसू लागला, की आच अगदी मंद करावी. येथून बेरीचा रंग दोन-तीन मिनिटांत बदलतो. बदामी रंगावर गॅस बंद करावा, कारण जाड बुडाच्या कढईतील साठलेल्या उष्णतेने ती त्यापुढेही भाजत राहते. तूप जरा निवताच स्टीलच्या गाळण्यातून गाळून बेरी वेगळी करावी. कढईतच ठेवून दिली तर बदामीची तपकिरी आणि तपकिरीची काळी होते. काळी बेरी कडू लागते. तिचा कडवटपणा साखरेने झाकत नाही, ती टाकूनच द्यावी. सायीच्या बेरीत दुधाची साखर अधिक असल्याने ती लवकर लागते, तिला उलथन्याने तळापासून सतत हलवणे भाग आहे.

काही घरांत तूप रवाळ व्हावे म्हणून कढवताना चिमूटभर मीठ टाकतात. मीठ तुपात विरघळत नाही, ते सर्व तळाशी बेरीत जाऊन बसते. मिठाई करायची असेल त्या दिवशी मीठ टाळावे. विकतच्या पिवळ्या खारट बटरचे तूप केले तरी हाच प्रश्न येतो. विड्याचे पान टाकणाऱ्यांनी ते गाळण्यापूर्वी काढून घ्यावे, नाहीतर त्याचे करपलेले तुकडे बेरीत मिसळतात.

गोडात वड्या सर्वांत उत्तम होतात. वर सांगितलेली सत्तर ग्रॅम सायीची बेरी घ्या. प्रथम एक परीक्षा करावी : वाटीत दोन चमचे दूध घेऊन त्यात पाव चमचा बेरी टाकून तापवावी. दूध फाटले तर बेरी आंबट आहे, तिच्या दुधातल्या वड्या करू नयेत. दूध ठीक राहिले तर कढईत एक वाटी, म्हणजे सुमारे दोनशे मिलिलिटर दूध उकळून त्यात बेरी हाताने कुस्करून टाकावी आणि मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे शिजवावी. ही पायरी गाळण्याचा मोह पुष्कळांना होतो. बेरीचे कण भाजून टणक झालेले असतात. दुधात शिजले म्हणजे ते फुगून मऊ पडतात. साखर आधी घातली तर पाकात ते टणकच राहतात आणि वडी दाताखाली वाळूसारखी कचकचते. दूध जवळजवळ आटले की साठ ग्रॅम साखर आणि चाळीस ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस घालावा. वेगळे तूप मुळीच घालू नये. मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागले, आणि गोळ्याच्या कडेने तुपाचे थेंब दिसले, की वेलदोड्याची पूड घालून थाळीत थापावे. बारा लहान वड्या होतात, रंगाने कलाकंदापेक्षा गडद आणि चवीने खरपूस. मिश्रण थापल्यावर सैल राहिले तर पुन्हा कढईत घालून दोन मिनिटे परतावे. भुगा झाला तर दोन चमचे दूध शिंपडून तसेच करावे.

बेसनाच्या लाडवातही बेरी खुलते, पण ती बेसन पूर्ण भाजून झाल्यावर, आच बंद करताना घालावी. ती आधीच भाजलेली असते. बेसनाबरोबर आरंभापासून परतली तर बेसन पिकेपर्यंत बेरी जळून जाते. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेतही बेरीपासून मिठाईसारखे पदार्थ करण्याचे प्रयोग झाले आहेत. डेअरीत तूप टनांनी होते आणि बेरीही त्याच हिशेबाने साचते, तेव्हा त्यांना हा विचार करणे प्राप्तच होते.

पोळीसाठी विरजलेल्या लोण्याची वीस-पंचवीस ग्रॅम बेरी अडीचशे ग्रॅम कणकेला बरोबर पुरते. त्यात दहा-बारा ग्रॅम तूप येतेच, म्हणून मोहन घालायचे कारण उरत नाही. बेरी कोरड्या कणकेत घालून दोन्ही तळहातांनी चोळावी, एकही गुठळी राहू देऊ नये. गुठळी राहिली की लाटताना पोळी तेथे फाटते. मीठ, थोडा ओवा, आणि नेहमीपेक्षा जरा कमी पाणी. अशी पोळी तव्यावर लवकर तांबूस होते, कारण बेरीतील दुधाची साखर पुन्हा भाजली जाते. आच नेहमीपेक्षा मंद ठेवली नाही तर आत कच्ची आणि बाहेर काळे ठिपके, असे होते. नीट भाजलेली पोळी दुसऱ्या दिवशी प्रवासातही मऊ राहते. गूळ किसून, थोडे तीळ कुटून त्यात बेरी मिसळली तर गूळपोळीचे सारणही चांगले होते. तेथे आंबटपणा गुळात मुरून जातो.

भाताचा प्रकार मला सर्वांत अधिक आवडतो, आणि त्यास श्रम सर्वांत कमी. बेरी काढून घेतल्यावर कढईच्या बुडाशी जे चिकटून राहते त्यावर दोन वाट्या पाणी ओतून उकळावे. पाणी गढूळ होते, वर तुपाचे डोळे तरंगतात, आणि कढई घासायला हलकी होते ती निराळी. याच पाण्यात एक वाटी जुना तांदूळ, जिरे, चार मिरे आणि मीठ घालून मोकळा भात करावा. शिजल्यावर चमचाभर बदामी बेरी वरून पसरून झाकण ठेवावे. बेरी शिजवताना आधीच घातली तर मऊ पडून तिचा खमंगपणा जातो. लिंबू पिळून हा भात साध्या मुगाच्या वरणाबरोबर खावा.

साठवण्याच्या बाबतीत बेरीने तुपाशी बरोबरी करू नये. तुपात प्रथिने व ओलावा जवळजवळ नसतो, म्हणून ते टिकते. बेरीत प्रथिने असतात आणि ती हवेतील दमट ओढून घेते. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीच वापरावी. एरवी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. साबणासारखा किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर ती गेली असे समजावे. ज्यांच्या प्रकृतीस दुधाची प्रथिने सोसत नाहीत, त्यांना तूप चालत असले तरी बेरी चालेल असे धरू नये. जे तुपातून गाळून वेगळे केले, तेच बेरीत एकवटलेले असते. घरी कोणास अशी तक्रार असेल तर भाताचे कढईतील पाणीही त्यांच्या पानासाठी वापरू नये, त्यांचा भात वेगळ्या भांड्यात लावावा.