आवाजाला चित्र कुठे लागतं?

कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळघरात फोनवर टिपलेली गप्पांची फाईल समोर आहे. बोलणारे दोघे. एक मुरलेले गुळव्या मामा, दुसरा त्यांना प्रश्न विचारणारा कॉलेजातला भाचा. पाऊण तासाचं बोलणं ऐकायला झकास, पण गावच्या ग्रुपवर ते टाकायचं तर व्हिडिओच हवा, असा सगळ्यांचा आग्रह. ऑडिओ फाईल कुणी उघडत नाही, व्हिडिओ मात्र अंगठ्याखाली आपोआप सुरू होतो, तोही बहुतेक वेळा आवाज बंद ठेवून.

हा प्रश्न जुनाच आहे. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी या रेडिओ केंद्रानं याच अडचणीतून ‘ऑडिओग्राम’ नावाचं साधन तयार केलं आणि 2016 साली ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. एक स्थिर चित्र, त्यावर नाचणारी आवाजाची लहर आणि खाली बोललेले शब्द, एवढाच तो प्रकार. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याला तो शोभतो. पाऊण तासाच्या गप्पांवर तीच लहर अखंड नाचवत ठेवली, तर तिसऱ्या मिनिटाला डोळ्यांना तिचा वीट येतो. त्यामुळे लहर कशी काढायची याआधी ती कुठे काढायची हे ठरवावं लागतं, आणि ते फक्त ऐकून ठरतं.

पहिली ऐकणी कागद-पेन घेऊन करायची. पडद्याकडे बघायचं नाही. वेळ लिहायची आणि समोर खूण करायची. आम्ही ज्या शब्दांची खास वाट बघतो ते अगदी साधे आहेत: ‘असा’, ‘एवढा’, ‘हे बघ’, ‘हितनं’. मामा म्हणतात, ‘‘फेस आसा वर येतो, मग मळी हितनं काढायची.’’ भाच्याला मामांचा हात दिसत होता. आपल्याला दिसत नाही. बोलणाऱ्यानं हातानं दाखवलेली आणि फोननं हरवलेली प्रत्येक जागा म्हणजे चित्राची हक्काची जागा. इथे काहिलीत उसळलेल्या फेसाचा फोटो यायला हवा, आणि मळी काढतात तो झारा. याउलट मामा त्यांच्या वडिलांनी गुळव्याचं काम कसं शिकवलं ते सांगत असतात, तेव्हा काहीही दाखवायची गरज नसते. तिथे दोघांचा एक साधा फोटो आणि मथळे पुरतात. काही संकलकांना अशी रिकामी जागा बघवत नाही. मग ‘शेत’ हा शब्द आला की इंटरनेटवरचं कुठलंतरी हिरवंगार शेत येतं आणि बोलणं बाजूला पडून माणूस ते शेत बघत बसतो.

चित्र निवडताना खरेपणा सांभाळावा लागतो. ‘गूळ’ म्हणून शोधलं तर उत्तरेकडच्या छोट्या भेल्यांचे फोटो हमखास मिळतात. कोल्हापूरच्या माणसाला गूळ म्हणजे मोठा रवा. भेलीचा फोटो बघून त्याचा अख्ख्या व्हिडिओवरचा विश्वास उडतो. गुऱ्हाळ सुरू असताना भाच्यानंच दहा-बारा फोटो काढले असतील, तर ते अंधुक असले तरी चालतील. चित्र शब्दाच्या आधी आणू नये, शब्दाबरोबर किंवा किंचित मागून आणावं, चार-पाच सेकंद ठेवावं आणि वाक्य संपल्यावरच बदलावं.

चित्रांच्या जागा ठरल्या की आवाजाची काटछाट करून टाकायची. खोकले, तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितलेली, मध्येच आलेला ट्रॅक्टर, जे काढायचं ते आत्ताच काढायचं आणि मग आवाजाला हात लावायचा नाही. मथळे आधी लावले आणि नंतर सुरुवातीचे दोन सेकंद कापले, तर शेवटपर्यंत प्रत्येक मथळा दोन सेकंद मागे पडतो. मथळे सरकले की ते कसे सरकलेत यावरून चूक ओळखता येते. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर सुरुवातीला काहीतरी कापलं किंवा जोडलं गेलंय. सुरुवातीला सगळं जुळतंय आणि फरक हळूहळू वाढत जातोय, तर सेकंदाला किती चौकटी हा हिशेब दोन ठिकाणी वेगळा धरला गेलाय. एकीकडे 30 आणि दुसरीकडे 29.97 असला, तर तासाला साडेतीन सेकंदांच्या वर फरक पडतो.

मथळ्यांची फाईल हा अगदी साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्येही लिहिता येतो. मामा पाक तपासतात तो भाग असा दिसतो:

```
41
00:12:07,200 --> 00:12:10,400
गोळी पाण्यातनं काढायची
आणि फळीवर मारायची.

42
00:12:11,900 --> 00:12:13,400
[गोळी आपटल्याचा आवाज]

43
00:12:13,600 --> 00:12:15,900
वाजली?
आता काहील उतरवा.
```

वर क्रमांक, मग सुरू आणि बंद होण्याची वेळ, मग जास्तीत जास्त दोन ओळी. स्वल्पविरामानंतरचा आकडा सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. दोन मथळ्यांमध्ये एक ओळ रिकामी. एक मथळा सात सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये आणि सेकंदाच्या आत उडवूही नये. ओळ तोडताना श्वास जिथे तुटतो तिथे तोडायची. ‘गोळी पाण्यातनं काढायची आणि’ अशी पहिली ओळ केली, तर ते ‘आणि’ हवेत लोंबकळत राहतं. ‘वाजली?’ हा शब्दही 41 व्या मथळ्यात बसला असता, पण मग प्रेक्षकानं तो आवाज येण्याआधीच वाचला असता आणि मामांनी धरलेला दम वाया गेला असता.

मामांचं ‘पाण्यातनं’ आम्ही ‘पाण्यातून’ करत नाही. कानाला एक आणि डोळ्याला दुसरं मिळालं की वाचणारा अडखळतो. शिवाय मामांच्या तोंडी पुस्तकी मराठी घालण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? फक्त अर्धवट सोडलेले शब्द आणि ‘म्हंजे म्हंजे’ गाळतो.

देवनागरीची म्हणून एक वेगळी डोकेदुखी आहे. फाईल यूटीएफ-8 मध्ये साठवली नाही, तर अक्षरांऐवजी विचित्र चिन्हांची रांग दिसते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तरी तेच होतं. आणि युनिकोड असूनही काही संपादन सॉफ्टवेअर जोडाक्षरं नीट जोडत नाहीत, र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. म्हणून काम सुरू करण्याआधी ‘दुसऱ्या स्त्रीनं प्रश्न विचारला’ एवढं एक वाक्य त्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघायचं. ‘ऱ्या’, ‘स्त्री’, ‘श्न’ आणि ‘वि’ नीट उमटले, तर बाकीचंही बहुधा उमटतं. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे मोफत फॉन्ट छोट्या पडद्यावर स्वच्छ दिसतात.

आता लहर. ऑडिओतला आवाज म्हणजे सेकंदाला साधारण 48 हजार मापांची रांग. व्हिडिओत सेकंदाला 25 चौकटी धरल्या, तर एका चौकटीच्या वाट्याला 1,920 मापं, म्हणजे 40 मिलिसेकंदांचा आवाज येतो. तेवढ्यात पुरुषी आवाजाची पाचेक कंपनं होतात. पुढच्या चौकटीत वेगळीच पाच. मागच्या-पुढच्या आकारांचं एकमेकांशी काही नातं नसल्यानं लहर वाहत नाही, नुसती फडफडते. त्यात अर्थ शोधायला जाऊ नये, कारण ती एवढंच सांगते की आत्ता कुणीतरी बोलतंय. फडफड कमी करायची तर प्रत्यक्ष लहरीऐवजी आवाजाच्या सरासरी जोरावर उंची ठरणारे दांडे काढतात. दांडा वर झटकन जाऊ द्यायचा आणि खाली सावकाश येऊ द्यायचा, म्हणजे डोळ्याला तो बोलण्याबरोबर चाललाय असं वाटतं.

दोघांना दोन रंगांच्या लहरी देण्याचा मोह सगळ्यांना होतो. दोघांचे माइक वेगळे आणि दोन वेगळ्या वाहिन्यांवर टिपलेले असतील तरच ते सरळ जमतं. तरीसुद्धा मामांचा आवाज भाच्याच्या माइकमध्ये झिरपतो आणि मामा बोलत असताना दोन्ही लहरी हलतात. ठराविक पातळीखालचा आवाज गाळणारा ‘नॉइज गेट’ लावला की ही गळती बरीचशी थांबते. इथे तर एकाच फोनवर दोघांचं बोलणं आहे, त्यामुळे रंग आपोआप वेगळे होणार नाहीत. मग कोण बोलतंय ते मथळ्याआधी नाव लिहून किंवा मथळ्याचा रंग बदलून दाखवायचं. त्यासाठी लहरीला वेठीस धरण्यात अर्थ नाही.

पण या पाऊण तासात एक जागा अशी आहे जिथे लहरीशिवाय दुसरं काही चालणार नाही. ती म्हणजे पाकाची परीक्षा. गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतात, बोटांनी त्याची गोळी करतात आणि ती आपटून बघतात. मऊ लागली तर पाक कच्चा. टणकन वाजली तर पाक तयार, काहील लगेच उतरवायची. थर्मामीटर लावला तर त्या वेळी साधारण 114 ते 118 अंश सेल्सियस भरतात, पण मामांचा थर्मामीटर म्हणजे त्यांचा कान. रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी दोनदा गोळी मारून दाखवली आहे, एकदा कच्च्या पाकाची आणि थोड्या वेळानं तयार पाकाची.

तो आवाज सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपतो. फडफडणाऱ्या लहरीत तो एका चौकटीत येऊन जातो, कुणाला दिसतही नाही. म्हणून इथे पद्धत बदलायची. दहा सेकंदांच्या तुकड्याची अख्खी लहर एकाच स्थिर चित्रात काढून घ्यायची. मोफत मिळणाऱ्या `ffmpeg` मध्ये त्यासाठी `showwavespic` नावाचा फिल्टर आहे. ते चित्र पडद्यावर ठेवायचं आणि त्यावरून डावीकडून उजवीकडे एक बारीक उभी रेघ आवाजाच्या वेगानं सरकवायची. चित्र 1,600 ठिपके रुंद असेल तर एका सेकंदाला 160 ठिपके मिळतात, आणि गोळीचा आवाज तीन ठिपक्यांची उंच सुई होऊन उभा राहतो. बोलण्याचे गोलसर उंचवटे, मग सपाट शांतता, मग ही सुई. दोन्ही तुकडे त्याच मापात एकाखाली एक ठेवले की कच्च्या गोळीच्या जागी बुटका, पसरट फुगवटा दिसतो आणि तयार गोळीच्या जागी सुई. फक्त दोन्ही तुकड्यांत फोन आणि फळी यांच्यातलं अंतर सारखं होतं का, ते आधी भाच्याला विचारून घ्यायचं. फोन जवळ नेला असेल तर उंचीची तुलना खोटी ठरते. तरी आकारातला फरक उरतोच. अशा तुलनेत एका तुकड्याचा आवाज वाढवून दुसऱ्याच्या बरोबरीला आणला, तर तेही पडद्यावर लिहायला हवं.

शेवटी फाईल दोन प्रकारांनी काढायची. व्हॉट्सअ‍ॅपवर मथळे चालू-बंद करायची सोय नाही, तिथे ते चित्रातच छापावे लागतात, आणि उभ्या व्हिडिओत तळाला न ठेवता थोडे वर घ्यावे लागतात, कारण तळाशी बटणं येतात. यूट्यूबवर मात्र व्हिडिओ कोरा चढवून मथळ्यांची फाईल वेगळी जोडावी. ज्याला नको त्याला ती बंद करता येते, आणि उद्या ‘मळी’चं ‘माळी’ झालेलं सापडलं तर पूर्ण व्हिडिओ पुन्हा न बनवता एक ओळ दुरुस्त करून भागतं.