चार वाजता सहा सेंटिमीटर

मिडवायफरीच्या विद्यार्थिनींना पार्टोग्राफचा सराव देताना मी केस नांदगावची घेते. बाई कल्पनेतली आहे, रस्ता मात्र खरा आहे. नांदगाव मुंबई-गोवा हायवेवर, खाली दक्षिणेला कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय आणि त्याच्याही पुढे ओरोसचं जिल्हा रुग्णालय. बाई आतल्या वाडीतली असेल तर हायवेला लागेपर्यंतचा वेळ वेगळा धरावा लागतो. या तक्त्यावरच्या दोन तिरक्या रेघा मुळात अशाच अंतराच्या हिशोबातून निघाल्या आहेत. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी त्या वेळच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, त्या आखल्या. लांबच्या दवाखान्यात एकटीने बाळंतपणं करणाऱ्या सुइणीला बाई कधी हलवायची हे वेळेत कळावं, हा त्यांचा हेतू होता. पहिली रेघ अलर्ट लाइन, तिच्या उजवीकडे चार तासांवर ॲक्शन लाइन. मधले चार तास गाडी बोलावण्याचे आणि पोचण्याचे.

आता केस. तेवीस वर्षांची पहिलटकरीण, दिवस भरलेले, बाळ डोक्याकडून. सकाळी ८ वाजता आली तेव्हा गर्भाशयाचं तोंड ३ सेंटिमीटर उघडलेलं, दहा मिनिटांत दोन कळा. निम्म्या मुली इथेच तक्ता भरायला घेतात. थांबा. आपण सरावाला घेतलेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या सुधारित नमुन्यात आलेख ४ सेंटिमीटरपासून सुरू होतो. त्याआधीची नोंद केसपेपरवर करायची. ३ ला सुरू केलेला तक्ता काही तासांनी हमखास रेघ ओलांडतो आणि धडधाकट बाई विनाकारण गाडीत बसते.

दुपारी १२ वाजता तपासणी केली, ४ सेंटिमीटर. पहिली फुली अलर्ट लाइनवरच, ४ च्या आडव्या ओळीत, आणि त्याच उभ्या रेषेखाली वेळ लिहायची, १२. बाई सकाळी आली म्हणून तिथे ८ लिहिलं तर पुढचा सगळा आलेख चार तासांनी खोटा होतो. पोटावर हात ठेवून पाहिलं तर डोक्याचे पाचापैकी चार भाग अजून जघनास्थीच्या वर लागतात. ते त्याच उभ्या रेषेवर, ४ पाशी, गोलाने मांडा. कळा दहा मिनिटांत तीन, प्रत्येक तीसेक सेकंदांची. म्हणजे कळांचे तीन चौकोन, तिरक्या रेघांनी भरलेले. वीस सेकंदांखालच्या कळेला ठिपके, चाळिसाच्या वर गेली की चौकोन पूर्ण काळा.

कळा मोजण्याबद्दल मी जरा हट्टी आहे. बाईला "कळा कशा येतायत गो?" असं विचारून चौकोन भरता येत नाहीत. हात पोटावर, नजर घड्याळावर, पूर्ण दहा मिनिटं. कळ ओसरल्यावर बाळाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजायचे, तेही दर अर्ध्या तासाने. गर्दीच्या पाळीत हीच दहा मिनिटं पहिली वगळली जातात आणि मग रकान्यात ओळीने १४०, १४०, १४० दिसू लागतं. जिवंत बाळाचे ठोके इतके सरळ रेषेत चालत नाहीत. असा तक्ता बाळंतपण झाल्यावर एका बैठकीत भरलेला असतो, हे कागद पाहताक्षणी कळतं.

दुपारी ३ ला पाणमोट फुटली, पाणी स्वच्छ. पुढची आतली तपासणी ४ वाजता. तिच्याआधी बाईला लघवी करून यायला सांगायचं, कारण भरलेलं मूत्राशयही डोकं वर अडवतं. ४ वाजता मिळालेलं असं: तोंड ६ सेंटिमीटर, डोकं अजूनही पाचात चार, कळा दहा मिनिटांत चार आणि पंचेचाळीस सेकंदांच्या, बाळाचे ठोके १४८. कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली, पण बोटाने दाबल्यावर सुटतात, म्हणजे मोल्डिंग दोन अधिक.

फुली मांडा. १२ च्या उभ्या रेषेपासून चार तास उजवीकडे, ६ च्या ओळीत. अलर्ट लाइन तासाला एक सेंटिमीटर चढते, म्हणून ती ६ वर २ वाजताच पोचली होती. आपली फुली तिच्या दोन तास मागे, बरोबर दोन रेघांच्या मध्ये. इथे विद्यार्थिनी हमखास म्हणतात, "मॅडम, ॲक्शन लाइन अजून दोन तास लांब आहे. पुढची तपासणी करून ठरवूया."

त्यांना मी तीच फुली पुढे न्यायला सांगते. वेग हाच राहिला, तासाला अर्धा सेंटिमीटर, तर रात्री ८ च्या तपासणीला तोंड ८ सेंटिमीटर असेल. ॲक्शन लाइन ८ च्या ओळीला कुठे लागते? रात्री ८ वाजता. म्हणजे थांबून केलेल्या तपासणीची फुली नेमकी ॲक्शन लाइनवर पडते. त्या घडीला बाई ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी पोचलेली हवी, आणि ती असते नांदगावात, गाडीची वाट बघत.

तरी नुसती फुली उजवीकडे गेली म्हणून घाबरायचं नाही. सगळ्याच बायकांचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, आणि २०२० च्या त्यांच्या नव्या तक्त्यात नोंद ५ सेंटिमीटरपासून सुरू होते, तिरक्या रेघाही नाहीत. त्या तक्त्याने पाहिलं तर ६ वर पाच तासांपर्यंत वाट बघता येते. शिवाय एकीच्या बोटांना ६ वाटलेलं दुसरीच्या बोटांना ५ वाटू शकतं, म्हणून शक्यतो त्याच हाताने पुन्हा तपासावं. अलर्ट लाइन ओलांडणं म्हणजे सिझेरियनचा हुकूम नव्हे, कळा वाढवायचं इंजेक्शन देण्याचा तर नव्हेच.

मग या बाईला का हलवायचं? फुलीच्या खालचे रकाने बघा. कळा जोरदार आहेत, चौकोन काळे आहेत, तरी चार तासांत डोकं तसूभर उतरलेलं नाही. वर कवटीची हाडं चढू लागली आहेत. जोर आहे आणि वाट मिळत नाही, असं हे चित्र. बाळ वाटेच्या मानाने मोठं असेल किंवा डोकं आडवं-उलटं फिरलेलं असेल, ते कणकवलीत ठरेल. बाळाचे ठोके चांगले आहेत, पाणी स्वच्छ आहे, म्हणून तर आत्ता प्रवास सुरक्षित आहे.

तेव्हा ४ वाजताच १०८ ला फोन, दुसरा फोन कणकवलीला. भूल देणारे डॉक्टर आज आहेत का, हे विचारल्याशिवाय गाडी सोडायची नाही. नसतील तर सरळ ओरोस. सोबत सिस्टर, शिरेला सलाईन, बाई डाव्या कुशीवर, आणि पार्टोग्राफची प्रत हातात. वाटेतही ठोके आणि कळा मोजून वेळेसह लिहायच्या.

आता दुसरा कोरा तक्ता घ्या. तीच बाई, १२ वाजता तेच आकडे. ४ वाजता तोंड पुन्हा ६, पण कळा दहा मिनिटांत दोन आणि पंधरा सेकंदांच्या, मोल्डिंग नाही, डोकं पाचात तीन. फुली पहिल्याच जागी पडेल. चौकोन कसे भरायचे, या वेळी काय कमी पडतंय आणि तिला कुठे, किती वाजता पाठवाल, ते तक्त्याच्या मागच्या बाजूला चार ओळींत लिहा.