हिऱ्याच्या वरच्या रेघा

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला शिरेतून मॅग्नेशियम दिलं तर त्याचा जीव वाचण्याची शक्यता वाढते का? १९८०च्या दशकात या प्रश्नावर छोट्या छोट्या चाचण्या झाल्या. औषध स्वस्त, द्यायला सोपं आणि दुष्परिणाम किरकोळ. ते हृदयाचे ठोके बिघडू देत नाही, रक्तवाहिन्या सैल करतं, असं त्यामागचं शास्त्रही पटण्यासारखं होतं. १९९१ मध्ये अशा सात चाचण्यांचं मेटा-अ‍ॅनालिसिस ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. मॅग्नेशियम मिळालेल्या ६५७ रुग्णांपैकी २५ दगावले होते आणि न मिळालेल्या ६४४ पैकी ५३. म्हणजे मृत्यूचा धोका जवळपास निम्म्याने कमी!

चारच वर्षांत हा निष्कर्ष कोलमडला. तो कसा कोलमडला हे समजून घेतलं, तर आज रोज कानावर येणाऱ्या ‘अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष’ या प्रकाराकडे कसं पाहायचं, ते कळतं.

मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे अनेक अभ्यासांच्या आकड्यांचा एकत्र हिशेब. त्याआधी पद्धतशीर आढावा घ्यावा लागतो. नेमका प्रश्न, कोणते अभ्यास घ्यायचे आणि कोणते वगळायचे याचे निकष, शोध कुठे घ्यायचा, हे सगळं आधीच लिहून ठेवायचं. मग सापडलेला प्रत्येक लेख दोघांनी एकमेकांना न विचारता तपासायचा. सोयीचे निकाल उचलायचे आणि गैरसोयीचे सोडायचे, ही पळवाट बंद करणं हा या खटाटोपाचा हेतू. हिशेब त्यानंतर येतो आणि खरं तर तोच सोपा भाग असतो.

या हिशेबाचं चित्र म्हणजे फॉरेस्ट प्लॉट. प्रत्येक अभ्यासाला एक ओळ. ओळीत एक चौकोन आणि त्यातून आरपार जाणारी एक आडवी रेघ. मधोमध एक उभी रेषा असते आणि तिच्यावर १ हा आकडा. १ म्हणजे औषध दिलं काय, न दिलं काय, सारखंच. मृत्यूचा हिशेब असेल तेव्हा उभ्या रेषेच्या डावीकडे औषधाचा फायदा, उजवीकडे तोटा. सगळ्यात खाली हिऱ्याच्या आकाराची खूण असते. तो एकत्रित निकाल.

सातपैकी एक ओळ जवळून बघू. १९९० मधल्या शेख्टर यांच्या चाचणीत मॅग्नेशियमच्या गटातल्या ५९ पैकी १ रुग्ण दगावला, दुसऱ्या गटातल्या ५६ पैकी ९. दगावलेल्यांना वाचलेल्यांनी भागायचं. एका गटात १ भागिले ५८, दुसऱ्यात ९ भागिले ४७. या दोन उत्तरांचं गुणोत्तर साधारण ०.०९ येतं. याला ऑड्स रेशो म्हणतात. चौकोन ०.०९ वर, म्हणजे पार डावीकडे. पण आडवी रेघ ०.०१ पासून ०.७४ पर्यंत पसरलेली. ही रेघ म्हणजे ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल. या चाचणीच्या आकड्यांशी जुळेल असा खरा परिणाम ढोबळमानाने या पट्ट्यात कुठेही असू शकतो. औषधाने धोका शंभरावर आणला की फक्त पाव भागाने घटवला, हे ही चाचणी सांगूच शकत नाही.

आता कल्पना करा की त्या गटात एकाऐवजी तिघे दगावले असते. फक्त दोन माणसं इकडची तिकडे. ऑड्स रेशो ०.२८ झाला असता आणि रेघ ०.०७ पासून १.०९ पर्यंत गेली असती, म्हणजे उभी रेषा ओलांडून पलीकडे. रेघ १ ला ओलांडते तेव्हा ‘फरक नाही’ ही शक्यता खोडून काढता येत नाही. छोट्या चाचणीचा निकाल असा दोन रुग्णांवर लोंबकळत असतो.

सातातल्या दुसऱ्या एका चाचणीत, फेल्डस्टेट यांच्या, मॅग्नेशियम घेतलेल्या १५० पैकी १० आणि न घेतलेल्या १४८ पैकी ८ दगावले. चौकोन १.२५ वर, रेघ ०.४८ ते ३.२६. अब्राहम यांच्या चाचणीत दोन्ही गटांत एकेकच मृत्यू. तिचा चौकोन ठिपक्याएवढा आणि रेघ चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

चौकोनाचा आकार म्हणजे त्या चाचणीचं वजन. हे वजन रुग्णसंख्येपेक्षा घडलेल्या मृत्यूंच्या संख्येवर जास्त अवलंबून असतं, आणि वाचकाची फसगत नेमकी इथे होते. १३०१ रुग्ण ऐकून भरवसा वाटतो. पण सातही चाचण्यांत मिळून मृत्यू फक्त ७८. सगळा निष्कर्ष त्या ७८ मृत्यूंच्या वाटणीवर उभा होता.

१९९२ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातली लिमिट-२ ही चाचणी आली. रुग्ण २,३१६, मॅग्नेशियमच्या गटात ९० मृत्यू, दुसऱ्यात ११८. ऑड्स रेशो ०.७४, रेघ ०.५६ ते ०.९९. फायदा दिसत होता, पण निम्म्याचा पाव झाला होता आणि रेघेचं टोक १ ला चिकटलं होतं. बारकाईने पाहणाऱ्याला इथेच शंका यायला हवी होती. उलट १९९३ मध्ये मॅग्नेशियम परिणामकारक, सुरक्षित, सोपं आणि स्वस्त असल्याचं सांगणारा लेख एका नामांकित हृदयरोग नियतकालिकात आला.

१९९५ मध्ये आयसिस-४ चे निकाल लागले. एक हजाराहून अधिक रुग्णालयं, ५८,०५० रुग्ण. मॅग्नेशियमच्या गटात २,२१६ मृत्यू, म्हणजे ७.६४ टक्के. दुसऱ्या गटात २,१०३, म्हणजे ७.२४ टक्के. ऑड्स रेशो १.०६. फायदा नाहीच, झालाच तर किंचित तोटा.

आता लिमिट-२ आणि आयसिस-४ या दोन रेघा एकाखाली एक ठेवून बघा. पहिली ०.९९ ला संपते, दुसरी जवळजवळ १ ला सुरू होऊन १.१३ पर्यंत जाते. दोन्ही एकमेकींवर येतच नाहीत. याला हेटेरोजेनिटी म्हणतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने पडेल त्याहून मोठी तफावत. ती मोजायला क्यू नावाचा आकडा काढतात. प्रत्येक अभ्यास सरासरीपासून किती लांब आहे, याची ती वजनदार बेरीज असते. नुसता योगायोग असेल तर क्यू साधारण अभ्यासांच्या संख्येहून एकने कमी यावा. दोन अभ्यास असतील तर १ च्या आसपास. इथे तो ५.७ येतो. जास्तीचा भाग ४.७, त्याला ५.७ ने भागलं की सुमारे ८२ टक्के. हाच आय-स्क्वेअर:

I² = (Q − df) / Q × 100

८२ टक्क्यांचा अर्थ असा, की या दोन निकालांतला बहुतेक फरक योगायोगाच्या माथी मारता येत नाही. दोनच अभ्यासांवर काढलेला आय-स्क्वेअर फारच डळमळीत असतो, हिशेब कसा होतो ते दिसावं म्हणूनच तो इथे मांडला. आणखी एक मर्यादा अशी, की अभ्यास अवाढव्य असतील तर क्षुल्लक फरकानेही हा टक्का फुगतो. त्यामुळे मी आधी रेघा बघतो, मग टक्का.

तफावत दिसली की कारण शोधायचं. पण पुष्कळ संशोधक इथे ‘रँडम इफेक्ट्स’ नावाची पद्धत लावून मोकळे होतात. तिचं गृहीतक असं, की प्रत्येक अभ्यासातला खरा परिणाम थोडा वेगळा असतो. त्यासाठी प्रत्येकाच्या अनिश्चिततेत सारखीच भर घातली जाते. वरवर हे समंजस वाटतं, पण त्यामुळे मोठ्या चाचणीचं वजन घटतं आणि चिमुकल्या चाचण्यांचा आवाज वाढतो. २००७ च्या कॉक्रन आढाव्यात मॅग्नेशियमच्या सगळ्या चाचण्या एका पद्धतीने जोडल्या तेव्हा हिरा ०.९९ वर आला, म्हणजे फरक नाही. रँडम इफेक्ट्सने जोडल्या तेव्हा ०.६६, म्हणजे मोठा फायदा. चाचण्या त्याच, रुग्ण तेच. कुठली पद्धत वापरली हे न वाचता हिऱ्याकडे बघण्यात अर्थ नाही.

मग छोट्या चाचण्या एवढ्या एका सुरात का बोलत होत्या? त्यासाठी फनेल प्लॉट. त्यात आडव्या अक्षावर परिणाम आणि उभ्या अक्षावर अभ्यासाची अचूकता मांडतात. मोठे अभ्यास वर, छोटे खाली. प्रत्येक अभ्यास एक ठिपका. योगायोगाने छोट्या अभ्यासांचे निकाल डावी-उजवीकडे जास्त विखुरतात आणि मोठ्यांचे मधोमध गोळा होतात, म्हणून ठिपक्यांचा आकार पालथ्या नरसाळ्यासारखा दिसायला हवा. १९९५ मध्ये मथियास एगर आणि जॉर्ज डेव्ही स्मिथ यांनी मॅग्नेशियमच्या चाचण्या अशा मांडल्या, तेव्हा नरसाळ्याचा खालचा उजवा कोपरा रिकामा निघाला. योगायोगानेच का होईना, मॅग्नेशियम घेतलेल्या गटात जास्त मृत्यू झाले अशा काही छोट्या चाचण्या तिथे असायला हव्या होत्या. पन्नास रुग्णांच्या चाचणीत काहीच हाती लागलं नाही, तर ती लिहून काढायचा आणि संपादकाने ती छापायचा उत्साह दोघांनाही नसतो. छापले जातात ते शेख्टरसारखे निकाल. हाच प्रकाशनातला पक्षपात. १९९७ मध्ये एगर आणि सहकाऱ्यांनी नरसाळ्याचा तिरकेपणा मोजण्याची चाचणीही दिली. दहापेक्षा कमी अभ्यास असतील तर ती लावू नये असा संकेत आहे, कारण चार ठिपक्यांत डोळ्याला हवा तो आकार दिसतो.

मात्र रिकामा कोपरा म्हणजे दडवलेल्या चाचण्यांचा पुरावा नव्हे. छोट्या चाचण्या ढिसाळपणे केलेल्या असल्या, कुणाला औषध मिळणार हे डॉक्टरला आधीच कळत असलं, तरी नरसाळं तिरकं होतं. किंवा छोट्या चाचण्यांत उपचारच वेगळ्या प्रकारे झालेला असू शकतो. मॅग्नेशियमच्या समर्थकांनी नेमका हाच मुद्दा मांडला. आयसिस-४ मध्ये औषध उशिरा दिलं गेलं, बऱ्याच रुग्णांना गुठळी विरघळवल्यानंतर, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप रास्त होता आणि तो आकडेमोडीने सुटणारा नव्हता. म्हणून मॅजिक ही नवी चाचणी झाली. झटक्यानंतर सहा तासांच्या आत औषध, जास्त धोका असलेले ६,२१३ रुग्ण. २००२ मध्ये निकाल आला. ३० दिवसांत मॅग्नेशियमच्या गटात १५.३ टक्के मृत्यू, प्लासिबोच्या गटात १५.२.

कोपरा रिकामा का, हे आज थोडं सोप्या रीतीने तपासता येतं, कारण चाचणी सुरू करण्याआधीच नोंदवावी लागते. भारतात ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. तिथे कुणालाही शोध घेता येतो. चांगल्या आढाव्याचे लेखक नोंदणीतल्या चाचण्या आणि छापलेले लेख ताडून पाहतात, आणि नोंद आहे पण निकाल नाही अशा चाचण्यांची यादी देतात. १९८०च्या दशकातल्या चाचण्यांसाठी असं काहीच नव्हतं, त्यामुळे त्या कोपऱ्यात नेमकं काय होतं हे आता कधीच कळणार नाही.

मॅग्नेशियम अतिदक्षता विभागातून हद्दपार झालं नाही. ठोके बिघडण्याच्या एका विशिष्ट प्रकारात आणि रक्तातलं मॅग्नेशियम खरोखरच कमी झालेलं असताना ते दिलं जातं. झटका आलेल्या प्रत्येकाला सरसकट मात्र देत नाहीत.