ताप का उलटतो?

धारोष्ण दुधाचा आपल्याकडे मोठा दबदबा आहे. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळता ग्लास हातात देतात, आणि तो रिकामा करताना कुणाच्या मनात आजाराचा विचार येत नाही. जनावर निरोगी दिसत असेल तर यायचं कारणही वाटत नाही. अडचण एवढीच, की ब्रुसेला जंतू अंगात असलेली गाय, म्हैस किंवा शेळी दिसायला ठणठणीत असते. ती एकदा गाभडते, पुढच्या वेतात बहुतेक वेळा नीट विते, आणि जंतू मात्र दुधातून जातच राहतो.

दिसण्यावर जाऊ नये हा धडा माल्टा बेटावर मिळाला. तिथल्या ब्रिटिश फौजेला महिनोन् महिने येणाऱ्या-जाणाऱ्या तापाने हैराण केलं होतं. 1887 साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हाच जंतू वेगळा काढला, पण तो माणसात शिरतो कुठून हे कळायला 1905 साल उजाडलं. थेमिस्तोक्लिस झम्मित या माल्टीज डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा दारोदार हिंडवून पिळल्या जाणाऱ्या त्या धष्टपुष्ट शेळ्यांमध्येच रोग सापडला. 1906 मध्ये फौजेला शेळीचं दूध बंद झालं आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. तेव्हा या तापावर औषध नव्हतं. आज आहे, तरीही उपचार पूर्ण झालेल्या शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांचा ताप उलटतो. मधेच गोळ्या सोडणाऱ्यांचं प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त.

हे कसं घडतं ते समजायला एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. चाळिशीतला, चार गाई बाळगणारा शेतकरी. आषाढात एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार पडेना, म्हणून त्याने उघड्या हातानेच ओढून काढली. त्याच गोठ्यातलं दूध तो कच्चंच प्यायचा. महिन्याभराने संध्याकाळचा ताप सुरू झाला. रात्री सदरा पिळून काढावा इतका घाम, सांधे ठणकलेले, जेवणावरची वासना गेलेली. गावातल्या डॉक्टरांनी विडाल तपासणी केली, टायफॉइड म्हणून औषध दिलं. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुढे वजन उतरलं, कंबर धरली, तेव्हा क्षयाची शंका आली. गोठ्याबद्दल कुणी विचारलंच नाही, आणि गाय गाभडल्याचा आपल्या तापाशी काही संबंध असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

शेवटी तालुक्याला एका डॉक्टरांनी विचारलं. रक्ताची रोझ बेंगाल चाचणी होकारार्थी आली, नळीतल्या तपासणीत प्रतिपिंडांचं प्रमाण 1:160 च्या बरंच वर निघालं. कल्चर करायला घेतलं ते प्रयोगशाळेला आधी सूचना देऊन, कारण हा जंतू सावकाश वाढतो आणि हाताळणाऱ्यालाही लागतो.

उपचार सुरू झाला तो 1986 पासून जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या जोडीचा: डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा आठवडे, आणि सोबत रिफाम्पिसिन 600 ते 900 मिलिग्रॅम रोज, तेही सहा आठवडे. दुसरा पर्याय होता स्ट्रेप्टोमायसिनचा, म्हणजे डॉक्सिसायक्लिन तसंच आणि पहिले दोन-तीन आठवडे रोज 1 ग्रॅमचं इंजेक्शन. रोज तालुक्याला कोण येणार, म्हणून गोळ्या ठरल्या. आठव्या-दहाव्या दिवशी ताप गेला. लघवी नारिंगी होत होती, पोटात मळमळत होतं, आणि डॉक्सिसायक्लिनची गोळी तो रोज ग्लासभर दुधासोबत घेत होता. दुधातलं कॅल्शियम गोळीचा काही भाग अडवून धरतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात त्याने गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी ताप परत आला.

यात जंतू औषधाला जुमानेनासा झाला असं वाटणं साहजिक आहे, पण बहुधा तसं झालेलं नसतं. उलटलेल्या तापात सापडणारा जंतू सहसा तोच असतो आणि त्याच औषधांनी मरतो. खरी गोम त्याच्या बिऱ्हाडात आहे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि आतल्या आम्लाने, विकरांनी त्याला संपवतात. ब्रुसेला गिळला जातो, पण ज्या पिशवीत तो अडकतो तिचा प्रवासच बदलतो. पेशीचं पाचकद्रव्य पिशवीत पूर्ण ओतलं जाण्याआधी तो पेशीच्या प्रथिनं बनवणाऱ्या भागात सरकतो आणि तिथे निवांत वाढतो. प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा अशा ठिकाणी असल्या पेशी मुबलक असतात.

डॉक्सिसायक्लिन पेशीत चांगलं शिरतं, पण ते जंतूची वाढ थोपवतं, त्याला ठार करत नाही. उरलेलं काम शरीराला करायचं असतं आणि त्याला आठवडे लागतात. स्ट्रेप्टोमायसिनचं उलट आहे. ते मारतं, पण पेशीत फारसं शिरत नाही आणि आम्लात त्याचा जोर कमी होतो. म्हणून जोडी लागते. एकट्या डॉक्सिसायक्लिनवर किंवा एकट्या रिफाम्पिसिनवर ताप उतरतो आणि नंतर पुष्कळदा परत येतो. क्षयाच्या संशयावर सुरू केलेल्या औषधांमध्ये रिफाम्पिसिन असतं, त्यामुळे अशा रुग्णाला अर्धवट बरं वाटून निदान आणखी लांबतं.

दोन जोड्यांची तुलना झाली आहे आणि निकाल बराचसा स्ट्रेप्टोमायसिनच्या बाजूने आहे. त्यामागचं एक कारण असं, की रिफाम्पिसिन यकृतातली विकरं जागी करतं आणि ती विकरं डॉक्सिसायक्लिनला लवकर बाहेर काढतात. रक्तातली त्याची पातळी खाली येते. जोडीदारच जोडीदाराचं बळ कमी करतो म्हणा. तरीही रिफाम्पिसिनची जोडी टाकाऊ नाही. स्ट्रेप्टोमायसिनमुळे कान आणि तोल बिघडू शकतो, मूत्रपिंडाला धोका असतो, गरोदरपणात ते देत नाहीत. पण ज्याला रोज इंजेक्शन घेणं जमेल आणि ज्याची मूत्रपिंडं ठीक आहेत, त्याला मी स्ट्रेप्टोमायसिनची जोडी सुचवीन.

आपल्या शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निसटली होती. त्याची कंबरदुखी. दुसऱ्या वेळी एमआरआय केला तेव्हा कमरेच्या चौथ्या मणक्याच्या वरच्या कडेला, चकतीलगत जंतूने घर केलेलं दिसलं. क्षयात मणका बहुधा लवकर ढासळतो, इथे तसा ढासळला नव्हता. मणक्यात रोग असेल तर सहा आठवडे अपुरे पडतात. डॉक्सिसायक्लिन किमान बारा आठवडे चालवावं लागतं. त्याला तसंच दिलं, सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिनसह, आणि गोळी पाण्यासोबत.

ताप उलटायचा तर बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत, म्हणून तेवढा काळ तरी डॉक्टरांकडे फेऱ्या ठेवाव्यात. नुसता थकवा राहणं किंवा जुन्या प्रतिपिंडांचा आकडा मोठा दिसणं म्हणजे ताप उलटणं नव्हे. तो आकडा हळूहळू उतरतो. ताप, घाम आणि आकडा पुन्हा चढलेला, किंवा कल्चरमध्ये जंतू, असं असेल तर मात्र उपचार नव्याने सुरू करायचे. तरीही एक प्रश्न उरतो: हा जुनाच जंतू की गोठ्यातून आलेला नवा? म्हणून गाभडलेल्या जनावराचं रक्त पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावं, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना आयुष्यात एकदाच द्यायची एस-19 लस चुकवू नये. दूध उकळलं की जंतू मरतो.

कुणाला रेंगाळणारा ताप आलाच, तर डॉक्टरांसमोर बसल्यावर आधी सांगा: घरात गुरं आहेत, अमुक महिन्यात गाय गाभडली, आणि दूध आम्ही कच्चं पितो.