वसीयतीनंतर घेतलेला प्लॉट कोणाचा?

अमरावती-अकोल्याकडच्या घरांत वसीयत लिहिली जाते ती बहुधा एका कारणासाठी. मुलगा बापाच्या आधी अल्लाहला प्यारा झालेला असतो आणि त्याचे यतीम लेकरू मागे राहते. चुलते हयात असतील तर शरीयतीच्या वारसाहक्कात त्या नातवाला हिस्सा मिळत नाही. म्हणून आजोबा वसीयतीने त्याची सोय करतात. पुढे दहा-बारा वर्षांत आजोबा आणखी काही जमीन घेतात, आणि त्यांच्या इंतकालानंतर घरात प्रश्न उभा राहतो. वसीयत जुनी, प्लॉट नवा; मग त्यात नातवाचा वाटा आहे की नाही?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. वसीयत लिहिली जाते आज, पण ती लागू होते मृत्यूच्या क्षणी. त्यामुळे मालमत्ता लिहिण्याच्या दिवशी असलीच पाहिजे असे नाही. मृत्यूच्या दिवशी ती असली म्हणजे झाले. हनफी फिकहच्या ‘हिदाया’ या बाराव्या शतकातील ग्रंथात याचे उदाहरण शेळ्यांचे आहे. एखाद्याने आपल्या शेळ्यांच्या एक तृतीयांश हिश्शाची वसीयत केली, तेव्हा त्याच्याकडे एकही शेळी नव्हती, पुढे त्याने शेळ्या मिळवल्या आणि मग तो वारला, तर ती वसीयत चालते. मात्र मरताना शेळ्याच नसतील तर ती बातल ठरते. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याचे कलम 90 हेच तत्त्व सांगते. ते कलम मुस्लिमांच्या वसीयतीला लागू नाही, पण आपल्या कायद्यानेही उत्तर तेच येते.

मग अडचण कुठे येते? शब्दांत. एक हिशेब मांडून पाहू. समजा, अमरावतीच्या एका आजोबांनी 2012 मध्ये लिहिले, ‘माझ्या वलगाव रोडवरील घराचा एक तृतीयांश हिस्सा माझ्या यतीम नातवाला द्यावा.’ 2019 मध्ये त्यांनी अकोल्यात प्लॉट घेतला. इंतकालाच्या वेळी घराची किंमत 24 लाख, प्लॉटची 30 लाख आणि बँकेत 9 लाख, असे एकूण 63 लाख होते. कफन-दफन, कर्ज आणि पत्नीची बाकी मेहर मिळून 3 लाख गेले. उरले 60 लाख.

वसीयतीची मर्यादा उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशाची, म्हणजे 20 लाखांची आहे. पण आजोबांनी फक्त घराचे नाव घेतले, म्हणून नातवाला घराचा तिसरा हिस्सा, 8 लाखच मिळतात. अकोल्याचा प्लॉट वसीयतीबाहेर राहतो आणि वारसांत वाटला जातो. त्यांनी ‘माझ्या सर्व मालमत्तेचा एक तृतीयांश’ असे लिहिले असते तर नातवाला 20 लाख मिळाले असते. उरलेल्या 40 लाखांतून पत्नीला 5, दोन मुलांना प्रत्येकी 14 आणि मुलीला 7 लाख गेले असते.

याहून वाईट प्रसंग म्हणजे घर विकून त्याच पैशांत प्लॉट घेणे. नाव घेऊन दिलेली वस्तू हयातीत विकली की तिच्यापुरती वसीयत संपते. ती आपोआप प्लॉटवर जात नाही. नातवाच्या हाती काहीच लागत नाही. ‘आजमितीस माझ्या मालकीची’ हे शब्दही धोक्याचे आहेत, कारण वसीयत त्या दिवसापुरतीच होती असे म्हणायला ते जागा देतात.

म्हणून मजकूर असा असावा असे आम्हाला वाटते:

‘माझ्या मृत्यूच्या दिवशी माझ्या मालकीची जी स्थावर व जंगम मालमत्ता असेल, मग ती आज असलेली असो वा यापुढे खरेदी, बक्षीस, वारसा किंवा अन्य मार्गाने मिळालेली असो, आणि ती कोठेही असो, तिच्यातून कफन-दफनाचा खर्च, कर्ज व मेहर वजा जाता जे उरेल त्याचा एक तृतीयांश हिस्सा मी माझा नातू (पूर्ण नाव) यास देत आहे. सोबतची यादी माहितीपुरती आहे. यादीत नसलेली मालमत्ताही यात धरावी.’

शेवटचे वाक्य गाळू नये. यादी जोडली की ‘यादीत नाही म्हणजे द्यायचे नव्हते’ असा वाद निघतो, तो या वाक्याने मिटतो.

तरीही या शब्दांना मर्यादा आहेत. पत्नीच्या किंवा मुलाच्या नावे घेतलेला प्लॉट यात येत नाही. भावासोबत भागीत घेतलेल्या जमिनीतला फक्त स्वतःचा हिस्सा येतो. एक तृतीयांशाहून जास्त द्यायचे असेल तर इंतकालानंतर वारसांची संमती लागते. वारस कोण, हेही मृत्यूच्या दिवशीच ठरते. सगळे चुलते आजोबांच्या आधी गेले तर नातू स्वतःच वारस होतो, आणि सुन्नी कायद्यात वारसाला केलेल्या वसीयतीला इतर वारसांची संमती हवी.

वसीयत लिहिलीच पाहिजे किंवा नोंदवलीच पाहिजे असे बंधन आपल्यावर नाही. तरी ती लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन दुय्यम निबंधकाकडे नोंदवणे शहाणपणाचे. जुनी वसीयत घरात असेल तर आज काढून वाचावी. तिच्यात एखाद्याच घराचे किंवा शेताचे नाव असेल, तर वरच्या मजकुराची नवी वसीयत करावी आणि ‘यापूर्वीची वसीयत रद्द’ असे तिच्यात स्पष्ट लिहावे.