संतापाच्या मजकुरापासून पाठवण्याजोग्या उत्तरापर्यंत

ठरलेल्या कामात ग्राहक पुन्हा पुन्हा भर घालू लागला की काम करणाऱ्याच्या मनात जे पहिले उत्तर तयार होते, ते सहसा पाठवण्यासारखे नसते. तरी ते टाकाऊही नसते. त्या रागाच्या बहुतेक वाक्यांखाली एखादी खरी गोष्ट दडलेली असते: एखादी तारीख, एखादी रक्कम, किंवा कधीच स्पष्ट न झालेला मुद्दा. उत्तर सुधारायचे म्हणजे रागावर गोड शब्दांचा मुलामा चढवायचा नाही. ही गोष्ट बाहेर काढून तिच्यावर नवे उत्तर उभे करायचे.

पुण्यातल्या एका ग्राफिक डिझायनरचे उदाहरण घेऊ. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करणाऱ्या बाईंनी त्याच्याकडे पाच मसाल्यांच्या पाकिटांच्या डिझाइनचे काम दिले. कोटेशनमध्ये 100 ग्रॅमची पाच पाकिटे, पुढची-मागची बाजू, दोन वेळा दुरुस्त्या आणि 30,000 रुपये असे लिहिले होते. निम्मे पैसे आगाऊ मिळाले. दोन्ही दुरुस्त्या होऊन 12 तारखेला डिझाइन मंजूर झाले. त्यानंतर मेतकुटाचे सहावे पाकीट वाढले. मग बाईंच्या भावाने नवा लोगो करून आणला आणि तो सगळीकडे बसवावा लागला. पुढे 200 ग्रॅमचीही पाकिटे हवीत असे ठरले. आणि एका गुरुवारी रात्री दहा वाजता आवाजी निरोप आला: ‘दादा, सगळ्यांचे रंग बदलून बघू या का? दुकानदार म्हणतात, शेजारच्या ब्रँडसारखंच दिसतंय. थोडंसंच काम आहे, उद्या सकाळी प्रिंटरला फाइल द्यायचीय.’

डिझायनरने लगेच टाइप केलेला मजकूर असा होता:

‘हे तुमचं पाचव्यांदा चाललंय. पाचच पाकिटं ठरली होती ना? सहावं आलं तेव्हा मी काही बोललो नाही, लोगो बदलला तेव्हाही गप्प बसलो. आता रात्री दहाला सांगता रंग बदला, तेही सकाळपर्यंत. आम्हाला काय दुसरी कामं नाहीत? मुळात तुम्हाला काय हवंय तेच तुम्हाला माहीत नाही. फुकटात किती राबवणार? यापुढे एकही बदल होणार नाही. उरलेले पैसे टाका आणि फाइल घेऊन जा.’

असा मजकूर लिहून काढणे योग्यच आहे, फक्त तो लिहायची जागा वेगळी हवी. चॅटच्या चौकटीत लिहिलेले एका चुकीच्या स्पर्शाने निघून जाते. म्हणून तो वहीत किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये लिहावा आणि ई-मेल असेल तर पत्त्याची जागा शेवटपर्यंत रिकामी ठेवावी. रात्री दहाच्या निरोपाला रात्रीच उत्तर द्यायचे बंधन नाही. उलट, रात्री उत्तर गेले की रात्रीही काम सांगता येते असा समज पक्का होतो.

सकाळी पहिले काम म्हणजे मजकूर बाजूला ठेवून चॅट पहिल्यापासून वाचणे आणि प्रत्येक बदल तारखेसह एका कागदावर उतरवणे. कष्टाचा भाग हाच, आणि तोच सर्वाधिक टाळला जातो. या उदाहरणात वाचल्यावर दिसते की ‘पाचव्यांदा’ हे खरे नाही. मंजुरीनंतरचे बदल चार आहेत. पाचवा म्हणून धरलेला मालवणी मसाल्याच्या मागच्या बाजूचा बदल मुळात डिझायनरच्याच टायपिंगच्या चुकीची दुरुस्ती होती. रागात केलेली मोजणी नेहमी वरच्या बाजूला चुकते. उत्तरात असा एक आकडा चुकला तरी समोरचा माणूस तेवढाच धरून बसतो आणि बाकीचे खरे मुद्दे मागे पडतात.

मग प्रत्येक बदल कशात मोडतो ते ठरवायचे. स्वतःची चूक असेल तर ती बिनपैशाची, तिचा उल्लेखही नको. ठरलेल्या दोन दुरुस्त्यांत बसणारे काम असेल तर तेही मोबदल्यात आलेच. उरते ते नवे काम, आणि त्यातही झालेले आणि व्हायचे असा फरक करावा लागतो. मेतकुटाचे पाकीट झाले आहे. ते अख्खे नवे पाकीट आहे आणि एका पाकिटाचा दर मूळ कोटेशनवरूनच 6,000 रुपये निघतो, त्यामुळे ते मागणे रास्त आहे. लोगोचे मात्र तसे नाही. तो बसवताना डिझायनरने पैशांचा शब्द न काढता ‘चालेल’ एवढेच लिहिले होते. मागाहून त्याचे बिल लावले तर बाईंना फसवल्यासारखे वाटेल आणि त्यांचे तसे वाटणे चुकीचे ठरणार नाही. ते सोडून देणेच बरे, पण सोडले आहे हे लिहून सोडावे, म्हणजे पुढच्या वेळी तो पायंडा म्हणून पुढे येणार नाही.

आता रागाच्या मजकुराकडे परत यायचे. ‘दुसरी कामं नाहीत का’ याखाली वेळेचा मुद्दा आहे: सहा पाकिटांचे रंग बदलायला तीन दिवस लागतात, एका रात्रीत ते होत नाही. ‘फुकटात’ याखाली रक्कम आहे. ‘तुम्हाला काय हवंय तेच माहीत नाही’ हे वाक्य सर्वांत जास्त बोचणारे, पण त्याच्याखालची गोष्ट सर्वांत उपयोगाची. चॅट वाचताना दिसते की सूचना तीन ठिकाणांहून येत आहेत: बाई, त्यांचा भाऊ आणि आता दुकानदार. अंतिम होकार कोणाचा, हे कधी ठरलेच नाही. बदल थांबत नाहीत याचे कारण इथे आहे, आणि बाईंच्या स्वभावाबद्दल काही न बोलता ते सांगता येते. ‘एकही बदल होणार नाही’ ही धमकी तर खरीही नाही. पैसे आणि वेळ मिळाला तर डिझायनर बदल करणारच आहे. जे पाळायचे नाही ते लिहू नये. त्याच्या जागी काय केले तर बदल होईल हे लिहावे.

शब्दांच्या पातळीवर काढून टाकायच्या गोष्टी ठरावीक असतात: ‘मुळात’, ‘दरवेळी’, ‘आधीच सांगितलं होतं’, आणि टोमणा वाहून आणणारे ‘पाचच’मधले ‘च’ व ‘ना’. मात्र हे काढताना बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘क्षमस्व, जमल्यास जरा बघा ना, गैरसमज नसावा’ असे लिहून बसतात. त्यात रक्कमही नसते, तारीखही नसते. ग्राहक ते मनापासून वाचतो, ‘हो हो, बघू’ म्हणतो आणि नवा बदल पाठवतो. असे उत्तर रागाच्या उत्तराइतकेच नुकसान करते, फक्त ते उशिरा कळते.

पाठवण्याआधी एक चौकशी आणखी हवी, ती प्रिंटरकडे. पाकिटे ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापायची असतील तर प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. तो कोरल्यावर डिझाइन बदलले की नवा सिलिंडर करावा लागतो. कमी पाकिटे डिजिटल पद्धतीने छापायची असतील तर हा खर्च नसतो आणि मग त्याची भीती घालणे खोटे ठरते. इथे छपाई ग्रॅव्ह्युअरची होती आणि सिलिंडर अजून कोरायला गेले नव्हते. म्हणजे निर्णय आत्ताच का हवा, याचे खरे कारण बाईंच्या हिताचेच निघाले.

तयार झालेले उत्तर असे:

‘नमस्कार ताई, रंगांबद्दलचा निरोप मिळाला. दुकानदारांना पाकिटं दुसऱ्या ब्रँडसारखी वाटत असतील तर त्याचा विचार छपाईआधी झालेला चांगला.

कोटेशनमध्ये 100 ग्रॅमची पाच पाकिटं आणि दोन दुरुस्त्या होत्या, त्याचे 30,000 रुपये. ते डिझाइन 12 तारखेला मंजूर झालं. नंतर मेतकुटाचं पाकीट वाढलं, त्याचे 6,000 रुपये होतात. नवा लोगो सगळीकडे बसवला आहे, त्याचे पैसे या वेळी धरलेले नाहीत.

रंग बदलणं आणि 200 ग्रॅमची पाकिटं ही आता नवी कामं आहेत. दोन मार्ग आहेत:

1. आहे त्याच रंगांत 100 ग्रॅमची सहा पाकिटं. एकूण 36,000. उरलेले 21,000 जमा झाले की त्याच दिवशी फाइल देतो.

2. नवे रंग (6,000 रुपये, तीन दिवस) आणि 200 ग्रॅमची सहा पाकिटं (9,000 रुपये, चार दिवस). एकूण 51,000. या 15,000 पैकी निम्मे मिळाले की काम सुरू करतो, बाकी सगळी रक्कम फाइल देताना.

सिलिंडर कोरल्यावर रंग बदलणं तुम्हाला महाग पडेल, म्हणून फाइल देण्याआधी हे पक्कं करू. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, तोवर काम आहे तिथे थांबवून ठेवतो. भाऊ आणि दुकानदार यांच्या सूचना एकत्र करून तुमच्याकडूनच आल्या तर बरं होईल. तुम्ही मंजूर केलं तेच अंतिम धरेन.’

यात नकार कुठेच नाही, तरी बिनपैशाचे आणि सकाळपर्यंतचे काम होणार नाही हे पूर्ण स्पष्ट आहे. सुरुवातीलाच बाईंचे कारण मान्य केले आहे, आणि ते मनापासून करता येते, कारण ते खरे आहे. ‘काम आहे तिथे थांबवून ठेवतो’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे: उत्तर आले नाही तर काय होईल हे त्यात आधीच सांगून टाकले आहे. ओळखीतल्या ग्राहकाला असे लांब उत्तर एकदम गेले तर ते नोटिशीसारखे वाटते. त्यामुळे आधी दोन मिनिटे फोन करावा, तेच बोलावे आणि ‘लिहूनही पाठवतो’ म्हणावे. फोन करून लिहिणे टाळले तर मात्र पंधरा दिवसांनी दोघांना दोन वेगळ्या गोष्टी आठवतात.

‘एवढे पैसे? आपलं घरचंच काम आहे, कमी करा’ असे उत्तर येण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी दर कमी करण्याऐवजी काम कमी करावे. जास्त खपणाऱ्या दोनच मसाल्यांची 200 ग्रॅमची पाकिटे करायची, म्हणजे 9,000 च्या जागी 3,000. बाईंचा खर्च खरोखर कमी होतो आणि डिझायनरच्या कामाची किंमत तीच राहते. दर उतरवला तर आधीचा दर फुगवलेला होता असाच अर्थ निघतो.

हे सगळे उत्तर एका गोष्टीवर टेकलेले आहे: कोटेशनमध्ये पाकिटांची संख्या आणि दुरुस्त्या लिहिलेल्या होत्या. काम तोंडी ठरले असेल तर ‘ठरल्याप्रमाणे’ हा शब्द वापरता येत नाही, कारण ग्राहकाला वेगळेच ठरल्याचे आठवत असते आणि तो खोटे बोलत असतोच असे नाही. भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 70 फुकट म्हणून न केलेल्या आणि दुसऱ्याने लाभ घेतलेल्या कामाच्या भरपाईचा हक्क देते, पण तो कोर्टातला शेवटचा आधार आहे. उत्तरात कलम लिहिले की संवाद संपतो. तोंडी ठरलेल्या कामात आजवर काय काय झाले त्याची यादी पाठवावी, ‘माझ्या समजुतीप्रमाणे हे असं आहे, तुमची समजूत वेगळी असेल तर सांगा’ असे विचारावे, आणि रकमेचा मुद्दा त्या उत्तरानंतरच्या निरोपात काढावा.

ग्राहकाने मार्ग निवडला की त्याच दिवशी नव्या रकमेचे आणि नव्या तारखांचे सुधारित कोटेशन पाठवून त्यावर लेखी होकार घ्यावा, आणि जुन्या रंगांच्या फाइली ‘मंजूर, 12 तारीख’ अशा नावाने वेगळ्या ठेवून मगच पुढच्या कामाला हात घालावा.