निरोपाच्या कार्डावरच्या दोन ओळी

टीमच्या वतीने लिहिलेला निरोपाचा मजकूर लांबतो, कारण तो एका माणसाचा नसतो. ग्रुपवर प्रत्येकजण एकेक वाक्य टाकतो, कुणाचं गाळायचं हा संकोच असतो, आणि कार्डावर सह्यांना जागाच उरत नाही.

समजा, बिलं तपासणाऱ्या विभागातल्या मॅडमची बदली झाली आहे आणि जमलेला मजकूर असा आहे:

‘आदरणीय मॅडम, आपण गेली अनेक वर्षे अत्यंत निष्ठेने सेवा बजावलीत. आपल्या मनमिळाऊ स्वभावाने आपण सर्वांची मने जिंकलीत. मार्चअखेरीस बिलांचा ढीग साचला की आपण आमच्याशेजारी खुर्ची ओढून बसायचात आणि शेवटचे बिल होईपर्यंत उठायचा नाहीत. आपली उणीव सदैव भासेल. आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.’

प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुणाच्या कार्डावर ठेवून पाहा. निष्ठा, मनमिळाऊ स्वभाव, शुभेच्छा कुठेही चालतात. खुर्चीचं वाक्य मात्र फक्त या मॅडमचं आहे. पहिली ओळ त्यातूनच करायची. रोज ‘तुम्ही’ म्हणणाऱ्यांनी कार्डावर ‘आपण’ म्हटलं की अंतर पडतं, म्हणून बोलण्यातलंच संबोधन ठेवायचं.

दुसरी ओळ जास्त अवघड. ‘उणीव सदैव भासेल’ हे वाक्य श्रद्धांजलीच्या फलकांवर इतकं वाचलेलं असतं, की बदलीच्या कार्डावरही त्याची सावली पडते. मॅडम तर दुसऱ्या कार्यालयात रुजू होणार आहेत. म्हणून ही ओळ पुढे पाहणारी हवी, आणि शुभेच्छेपेक्षा एखादं साधं मागणं तिथे जास्त जवळचं वाटतं:

‘मॅडम, मार्चअखेरीला तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात की बिलांचा ढीग अर्धा वाटायचा.
नव्या ऑफिसातल्या मंडळींचा हेवा वाटतोय. जेवणाच्या सुट्टीत आम्हालाही फोन करत जा.’

ढीग ‘अर्धा वाटायचा’ म्हटल्यावर मदत, धीर आणि कृतज्ञता वेगळी सांगावी लागत नाही. ‘वाटायचा’ या रूपामुळे हे एकदाच नाही, दरवर्षी घडत होतं, तेही कळतं.

कापताना क्रियापदं मात्र उडवू नयेत. ‘मार्च, खुर्ची, बिलं... आठवत राहील’ असं केलं तर ओळ छोटी होते, पण तारेसारखी कोरडी वाटते. निवडलेली आठवणही बहुतेक सह्या करणाऱ्यांना माहीत असावी. दोघांतलाच विनोद टाकला तर बाकीच्यांची सही उपरी वाटते. ओळी तयार झाल्या की विभागातल्या कुणाला तरी नाव न सांगता वाचून दाखवाव्यात. त्याने माणूस लगेच ओळखला तर मजकूर जमला.

आणि गाळलेलं? कुणाच्या आईच्या आजारपणात मॅडमनी महिनाभर त्याचं काम सांभाळलं असेल, तर ते सगळ्यांच्या कार्डावर मावणार नाही. ते त्याने स्वतःच्या सहीशेजारी लिहावं, किंवा समारंभात दोन मिनिटं उभं राहून त्यांच्यासमोर सांगावं.